चौसष्ट घरे, चौसष्ट बिट
गणकयंत्राच्या बुद्धिबळातील पट, खेळ्या आणि एक अवघड नियम

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात, आणि आजचे बहुतेक गणकयंत्र एका वेळी चौसष्ट बिटांचा एक ‘शब्द’ हाताळते. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एका अंकाची जागा. प्रत्येक घरास एक बिट नेमून दिला, तर ‘पांढऱ्याची प्यादी कोठे आहेत’ या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर एकाच संख्येत मावते. ज्या घरावर पांढरे प्यादे आहे त्या घराचा बिट १, बाकीचे सर्व ०. अशा संख्येस बुद्धिबळाच्या प्रोग्रामांत ‘बिटबोर्ड’ म्हणतात.

ही कल्पना चौसष्ट बिटांच्या यंत्रांहून जुनी आहे. आर्थर सॅम्युएल यांनी १९५० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीच्या यंत्रांवर चेकर्स या खेळाचा प्रोग्राम रचला. त्या खेळात पटावरील बत्तीसच घरे वापरात येतात, आणि त्या यंत्रांचा शब्द ३६ बिटांचा होता. तेव्हा पट एका शब्दात सहज बसला. बुद्धिबळाची गोष्ट तितकी सोपी नव्हती. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेव्हिड स्लेट व लॅरी अ‍ॅटकिन आपल्या प्रोग्रामावर काम करीत होते. त्यांच्यापुढील यंत्राचा शब्द ६० बिटांचा, म्हणजे पटाला नेमकी चार घरे अपुरी! त्याच काळात मॉस्को येथे अडेल्सन-वेल्स्की, अर्लाझारोव्ह व डोन्स्कोय यांनी ‘काइसा’ या प्रोग्रामात बिटबोर्डांचा उपयोग केला. १९७४ साली स्टॉकहोम येथे झालेले गणकयंत्रांचे पहिले जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपद काइसाने जिंकले.

पट संख्यांत लिहिण्याची ही रीत वरवर पाहता साधी दिसते. तिची खरी परीक्षा होते ती कायदेशीर खेळ्या शोधताना. म्हणजे आपला राजा शहात न सोडणाऱ्या सर्व खेळ्या, एकही न वगळता आणि एकही जास्तीची न घेता, शोधताना. पुढील विवेचन एकाच स्थितीच्या आधारे केले आहे. प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या कामाची परीक्षा घेण्यासाठी हीच स्थिती नेहमी वापरतात. पडद्यावर ती अशी दिसते :

```
8  . . . . . . . .
7  . . p . . . . .
6  . . . p . . . .
5  K P . . . . . r
4  . R . . . p . k
3  . . . . . . . .
2  . . . . P . P .
1  . . . . . . . .
   a b c d e f g h
```

मोठी अक्षरे पांढऱ्या मोहऱ्यांची व लहान अक्षरे काळ्या मोहऱ्यांची आहेत. K म्हणजे राजा, R म्हणजे हत्ती आणि P म्हणजे प्यादे. खेळी पांढऱ्याची आहे. पांढऱ्याचा राजा ए५ वर व हत्ती बी४ वर आहे. त्याची प्यादी बी५, ई२ व जी२ येथे आहेत. काळ्याचा राजा एच४ वर, हत्ती एच५ वर, आणि प्यादी सी७, डी६ व एफ४ येथे आहेत. चौथ्या आडव्या ओळीकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तेथे पांढरा हत्ती आणि काळा राजा समोरासमोर उभे असून त्यांच्यामध्ये काळ्याचे एकटे प्यादे आहे.

घरांचे क्रमांक

ए१ या घरास क्रमांक ०, बी१ ला १, असे करीत एच१ ला ७ क्रमांक द्यावा. त्यानंतर ए२ ला ८, आणि शेवटी एच८ ला ६३. या पद्धतीने चौथी ओळ २४ ते ३१ या क्रमांकांत येते. एफ४ चा क्रमांक २९ व ई४ चा २८ होतो. मोहऱ्यांच्या सहा जातींसाठी सहा शब्द आणि दोन रंगांसाठी दोन शब्द, अशा आठ संख्यांत संपूर्ण पट लिहिला जातो. काळी प्यादी हवी असतील तर ‘प्यादी’ आणि ‘काळे’ हे दोन शब्द घेऊन, दोन्हींत जेथे १ आहे तेवढेच बिट राखावयाचे. भरलेली सर्व घरे हवी असतील तर पांढरे व काळे हे दोन शब्द एकत्र करावयाचे. यंत्राला यांपैकी प्रत्येक काम एका आज्ञेचे आहे. घरोघर फिरून चौकशी करण्याची गरज उरत नाही.

घोडा, राजा व प्यादे यांच्या चाली यामुळे फारच सुकर होतात. काळे प्यादे तिरपे मारताना खाली येते. त्याच्या बिटाचा क्रमांक एका बाजूस ७ ने आणि दुसऱ्या बाजूस ९ ने कमी होतो. एफ४ म्हणजे २९. त्यातून ७ वजा केल्यास २२, म्हणजे जी३. आणि ९ वजा केल्यास २०, म्हणजे ई३. संपूर्ण शब्दच तितक्या जागांनी सरकविला, तर काळ्याच्या सर्व प्याद्यांचे मारे एकाच वेळी हाती येतात. येथे एक दक्षता मात्र घ्यावी लागते. ए४ चा क्रमांक २४ आहे. त्यातून ९ वजा केले तर १५ येतात, आणि १५ म्हणजे एच२! पटाच्या डाव्या कडेवरून बाहेर पडलेले प्यादे जणू उजव्या कडेने पुन्हा आत शिरते. म्हणून सरकविण्यापूर्वी ए ओळीतील बिट पुसून टाकावे लागतात. नवशिक्याच्या प्रोग्रामात घोडे पट ओलांडून पलीकडच्या कडेला उड्या मारताना दिसतात, त्याचेही कारण हेच.

हत्ती कोठवर जातो?

हत्ती, उंट व वजीर यांचे तसे नाही. त्यांची धाव वाटेत कोणी उभे आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि वाट प्रत्येक खेळीला बदलते. या अडचणीवर अनेक उपाय निघाले. आजचे वेगवान प्रोग्राम बहुधा आधीच तयार केलेल्या कोष्टकांतून उत्तर काढतात. परंतु यातील मर्म समजून घ्यावयाचे तर वजाबाकीची युक्ती अधिक उपयोगी आहे. ती इतकी थोडक्यात लिहिता येते की पहिल्या वेळी तिच्यावर विश्वास बसत नाही :

```
occ ^ (occ - 2*rook)
```

येथे `occ` म्हणजे भरलेली घरे आणि `rook` म्हणजे फक्त हत्तीचा बिट. मधले चिन्ह दोन संख्यांतील फरक दाखविते. ज्या जागी दोहोंचे बिट वेगळे असतील तेथे १, सारखे असतील तेथे ०.

युक्तीचे रहस्य शाळेतील वजाबाकीत आहे. १०,००० मधून १ वजा करताना एकंच्या स्थानी काही नसते, म्हणून शेजारच्या स्थानाकडून उसने घ्यावे लागते. तेथेही शून्य, म्हणून त्याच्या शेजाऱ्याकडे जावे लागते. असे करीत पहिला शून्येतर अंक भेटेपर्यंत उसनवारी पुढे सरकते, आणि वाटेतील सर्व शून्यांचे ९ होतात. द्विमान पद्धतीत त्यांचे १ होतात. पटावर शून्य म्हणजे रिकामे घर आणि पहिला १ म्हणजे वाटेत उभा असलेला पहिला मोहरा. तेव्हा उसनवारी जेथे थांबते तेथेच हत्तीची धाव थांबते.

आपल्या स्थितीतील चौथी ओळ तेवढी वेगळी काढून पाहू. ए चा बिट अगदी उजवीकडे आणि एच चा अगदी डावीकडे लिहिला जातो, म्हणून ओळ आरशात पाहिल्यासारखी उलटी दिसेल. हत्ती बी वर (२), प्यादे एफ वर (३२) आणि राजा एच वर (१२८), एकूण १६२.

```
occ            10100010
2*rook         00000100
occ - 2*rook   10011110
^              00111100
```

१६२ मधून ४ गेले, १५८ राहिले. आणि १६२ व १५८ यांत ज्या जागी फरक आहे त्या जागा सी, डी, ई व एफ. हत्ती सी, डी व ई या रिकाम्या घरांवर जाऊ शकतो आणि एफ वरील प्यादे मारू शकतो; त्याच्या पलीकडे नाही. पटावर पाहिले असता उत्तर बरोबर असल्याची खात्री पटते. दुसऱ्या दिशेसाठी, म्हणजे बी कडून ए कडे, शब्दातील बिट उलट्या क्रमाने लावून हीच वजाबाकी करतात व उत्तर पुन्हा सुलट करतात. उभ्या व तिरप्या ओळींसाठी त्या ओळीबाहेरचे बिट आधी झाकून ठेवावे लागतात. वाटेत कोणीच नसेल तर उसनवारी ओळीबाहेर वाहून जाते; म्हणून उत्तरावरही तेच झाकण पुन्हा घालावयाचे असते.

या रीतीने पांढऱ्याच्या खेळ्या मोजता येतात. हत्तीला उजवीकडे चार, डावीकडे एक आणि खाली तीन, मिळून आठ खेळ्या आहेत. ई२ व जी२ येथील प्याद्यांना प्रत्येकी दोन. राजाला ए४ व ए६ ही दोन घरे मोकळी आहेत; बी६ वर सी७ च्या प्याद्याचा मारा आहे. बेरीज चौदा होते. बी५ चे प्यादे मात्र हलू शकत नाही. ते बी६ वर गेले तर पाचवी ओळ मोकळी होऊन एच५ वरील काळ्या हत्तीचा शह थेट पांढऱ्या राजाला बसेल. अशा मोहऱ्यास ‘जखडलेला’ म्हणतात. राजा आणि शत्रूचा हत्ती, उंट किंवा वजीर यांच्यामध्ये एकटा उभा असलेला मोहरा जखडलेला असतो, आणि त्याने ती ओळ सोडणे बेकायदा ठरते.

जाता जाता मारणे

आता पांढऱ्याने ई२ वरील प्यादे दोन घरे चालवून ई४ वर आणले असे समजू. ते एफ४ वरील काळ्या प्याद्याच्या शेजारी येऊन उभे राहते. येथे एक खास नियम लागू होतो. शत्रूचे प्यादे दोन घरे चालून शेजारी आले, तर लगेचच्या खेळीत, ते एकच घर चालले होते असे मानून, त्याला तिरपे मारता येते. युरोपात या नियमाला ‘एन पासां’ म्हणतात, म्हणजे जाता जाता मारणे. आपल्याकडील जुन्या देशी खेळात प्यादे एकच घर चालत असल्याने या नियमाचे प्रयोजनच नव्हते. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे चालण्याची मोकळीक मिळाली, तिच्याबरोबर तो खेळात शिरला.

नियमाप्रमाणे काळे प्यादे एफ४ वरून ई३ वर जाईल आणि ई४ वरील पांढरे प्यादे पटावरून उचलले जाईल. मारणारा मोहरा ज्या घरात जातो त्याहून वेगळ्या घरातील मोहरा मरतो, असे बुद्धिबळात फक्त याच ठिकाणी घडते. आणि प्रोग्राम लिहिणारे नेमके येथेच फसतात.

ई४ वर प्यादे आल्यावर काळ्याचे एफ४ वरील प्यादे जखडलेले आहे काय? चौथ्या ओळीत हत्ती व राजा यांच्यामध्ये आता दोन मोहरे आहेत, ई४ व एफ४. ओळ पुन्हा मोजली तर १७८ मधून ४ गेले, १७४ राहिले :

```
occ            10110010
occ - 2*rook   10101110
^              00011100
```

हत्तीची धाव ई वरच संपते. एफ४ चे प्यादे जखडलेले नाही. ते सरळ एफ३ वर गेले तर ती खेळी पूर्णपणे कायदेशीर आहे, कारण ई४ चे प्यादे राजाला आडोसा देतच राहते. जखडलेले मोहरे आधीच हेरून ठेवणारा प्रोग्राम एवढ्यावरून निष्कर्ष काढतो की या प्याद्याला कोणतीही चाल मोकळी आहे, आणि ‘एफ४ ने ई३ वर मारणे’ ही खेळी यादीत घालतो. परंतु त्या खेळीने ओळीतील दोन्ही प्यादी एकदम नाहीशी होतात. एक तेथून निघून जाते, दुसरे मरते. उरतात फक्त हत्ती आणि राजा, म्हणजे २ व १२८, मिळून १३० :

```
occ            10000010
occ - 2*rook   01111110
^              11111100
```

उत्तरातील सर्वांत डावा बिट १ झाला आहे. तो एच चा, म्हणजे काळ्या राजाचा. काळ्याने स्वतःच्या हाताने आपला राजा शहात सोडला; खेळी बेकायदा.

दुसऱ्या प्रकारचे प्रोग्राम जखडलेले मोहरे आधी हेरीत नाहीत. ते प्रत्येक खेळी प्रत्यक्ष करून पाहतात आणि मग राजावर मारा आहे काय ते तपासतात. ही रीत अधिक संथ असली तरी अधिक भरवशाची आहे. तरीही तिच्यात एक चूक वारंवार होते. नेहमीच्या माऱ्यात मेलेल्या मोहऱ्याच्या जागी मारणारा येऊन बसतो, म्हणून भरलेल्या घरांच्या शब्दातून मेलेला मोहरा वेगळा काढावा लागत नाही. ती सवय येथे नडते. प्रोग्रामाने एफ४ चा बिट पुसला व ई३ चा लावला, परंतु ई४ चा पुसावयाचा राहिला, तर ओळीत २, १६ व १२८, मिळून १४६ उरतात. १४६ मधून ४ गेले १४२, आणि फरक पुन्हा सी, डी व ई एवढाच. यंत्र सांगते की राजा सुरक्षित आहे. नसलेल्या प्याद्याचा आडोसा त्याने धरलेला असतो.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. या खेळीपुरता भरलेल्या घरांचा शब्द तिन्ही बिट उलटवून तयार करावा आणि मग राजाच्या घरावर हत्ती, वजीर किंवा उंट यांचा मारा पोहोचतो काय ते पाहावे :

```
occ2 = occ ^ bit(f4) ^ bit(e3) ^ bit(e4)
```

जखडलेले मोहरे आधी हेरणारे प्रोग्रामदेखील या एका खेळीसाठी आपली रीत बाजूस ठेवून ही प्रत्यक्ष तपासणी करतात. असा प्रसंग विरळा येत असल्यामुळे तिला लागणाऱ्या वेळेची कोणाला क्षिती वाटत नाही.

चूक कशी सापडते?

अशी चूक खेळ पाहून सापडणे जवळजवळ अशक्य आहे. शेकडो डावांत ही स्थिती एकदाही येणार नाही. आणि आली तरी प्रोग्राम ती खेळी निवडीलच असे नाही. म्हणून मोजणीची एक कसोटी वापरतात. तिला ‘पर्फ्ट’ म्हणतात. एखाद्या स्थितीपासून ठरावीक खेळ्यांपर्यंत कायदेशीर खेळाचे किती मार्ग आहेत ते नुसते मोजावयाचे, आणि निरनिराळ्या लोकांनी स्वतंत्रपणे काढलेल्या संख्येशी ताडून पाहावयाचे. डावाच्या आरंभीच्या स्थितीपासून या संख्या २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ अशा वाढत जातात. आपल्या स्थितीपासून त्या १४, १९१, २,८१२, ४३,२३८ अशा आहेत. पटावर केवळ दहा मोहरे असताना चौथ्या खेळीपर्यंत त्रेचाळीस हजारांवर मार्ग होतात, हे पाहिले म्हणजे प्रत्येक खेळीमागे काही आज्ञा वाचविण्याची धडपड का चालते ते समजते.

सदोष प्रोग्राम दुसऱ्या खेळीस १९१ ऐवजी १९३ सांगतो. ही दोनाची वाढ कोठून आली? पांढऱ्याच्या चौदा खेळ्यांपैकी प्रत्येकीनंतर काळ्याला किती खेळ्या आहेत ते वेगवेगळे छापावे. ई२-ई४ नंतर खरी संख्या १६ आहे. काळ्याच्या हत्तीच्या ९, राजाच्या ३, सी७ च्या प्याद्याच्या २, डी६ ची १ आणि एफ४-एफ३ ही १. सदोष प्रोग्राम तेथे १७ छापतो. जी२-जी४ नंतर खरी संख्या १७, तो १८ छापतो. कारण जी४ वर आलेले प्यादेही एफ४ च्या शेजारीच उभे असते आणि तेथेही हाच सापळा आहे. बाकीच्या बारा ओळी जुळतात. चूक कोणत्या खेळीत आहे ते दोन पायऱ्यांत कळून येते.

एकूण संख्या जुळली म्हणजे सर्व ठीक, असे मात्र समजू नये. एखादा प्रोग्राम जखडलेले मोहरे हेरताना वाटेत फक्त आपल्याच रंगाचे मोहरे मोजतो असे धरा. ई२-ई४ नंतर त्याला वाटेत एफ४ हे एकच काळे प्यादे दिसेल. तो त्याला जखडलेले मानील आणि एफ४-एफ३ ही योग्य खेळी गाळील. त्याच प्रोग्रामात एन पासांच्या खेळीला जखडण्याची तपासणी लावलीच नसेल, तर एक अयोग्य खेळी आत येईल. एक गेली, एक आली. संख्या १६ ची १६. जी२-जी४ नंतरही तसेच घडेल, आणि एकूण बेरीज १९१ अगदी बरोबर येईल! अशा वेळी संख्या पुरत नाहीत. खेळ्यांच्या याद्याच शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. अनुभवी माणसे एकाच स्थितीवर विसंबत नाहीत त्याचे हेही एक कारण. शिवाय या स्थितीत किल्लेकोटाचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्या विषयीच्या चुकांसाठी दुसरी स्थिती घ्यावीच लागते.

पटावर न दिसणाऱ्या गोष्टी

आठ शब्दांत सर्व मोहरे मावले तरी डावाची संपूर्ण अवस्था त्यांत मावत नाही. खेळी कोणाची आहे, किल्लेकोटाचे चार हक्क कोणकोणते शिल्लक आहेत, शेवटच्या खेळीत कोणते प्यादे दोन घरे चालले, आणि प्यादे न हलविता व काही न मारता किती खेळ्या झाल्या, हे सारे वेगळे लिहून ठेवावे लागते. हत्ती आपल्या घरातून निघून पुन्हा तेथेच आला तर पट पूर्वीसारखा दिसतो, परंतु त्या बाजूच्या किल्लेकोटाचा हक्क गेलेला असतो.

या गोष्टींचा त्रास खेळी परत घेताना होतो. प्रोग्राम एक खेळी करून पाहतो, पुढचा विचार करतो, आणि ती मागे घेऊन दुसरी पाहतो. मोहऱ्यांचे काम सोपे आहे. ज्या क्रियेने एफ४ व ई३ हे बिट उलटविले, तीच क्रिया पुन्हा केली की ते मूळपदावर येतात. परंतु किल्लेकोटाचा हक्क एकदा पुसला की तो पूर्वी होता की नव्हता हे खेळीवरून कळत नाही. मेलेला मोहरा कोणत्या जातीचा होता तेही कळत नाही. म्हणून खेळी करण्यापूर्वी या थोड्या गोष्टी चवडीसारख्या एकावर एक रचून ठेवतात आणि खेळी मागे घेताना वरचा कागद उचलावा तशा काढून घेतात.

एन पासांच्या घराबाबत आणखी एक गुंता आहे. एकच स्थिती तीनदा आली तर खेळाडूला बरोबरी मागता येते. मात्र दोन स्थिती सारख्या ठरण्यासाठी मोहरे व पाळी सारखी असून भागत नाही. शक्य असलेल्या खेळ्याही त्याच असाव्या लागतात. ई२-ई४ नंतर प्रोग्रामाने ‘ई३ वर मारता येईल’ अशी नोंद आंधळेपणाने ठेवली, तर काही खेळ्यांनंतर मोहरे पुन्हा त्याच घरांत आले असताना ती नोंद नसल्यामुळे त्याला दोन्ही स्थिती वेगळ्या वाटतील. वस्तुतः आपल्या स्थितीत ते मारणे कायदेशीर नव्हतेच. म्हणून दोन्ही स्थिती एकच आहेत आणि मोजणीत धरल्या पाहिजेत. काही प्रोग्राम शेजारी शत्रूचे प्यादे असेल तरच नोंद करतात. तेवढे येथे पुरत नाही, कारण एफ४ चे प्यादे शेजारी आहेच. नोंद करण्यापूर्वीच ई४ व एफ४ ही दोन्ही प्यादी मनाने उचलून चौथी ओळ मोजावी लागते, आणि ती मोजली की १३० मधून ४ वजा जाऊन एच४ चा बिट पुन्हा उजळतो.